बदली जूनमध्ये झाली, पासिंग जुलैपर्यंत चालू राहिलं

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची ही गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसांची खरी नावंही नाही. क्लार्क मुलीला आपण रेवती म्हणू, बाकीच्यांना त्यांच्या खुर्चीनंच ओळखूया. मी त्या संस्थेचा अंतर्गत तपासनीस म्हणून नंतर या कामात आलो, त्यामुळे आधीचं जे लिहितोय ते तिच्याकडून ऐकलेलं आणि कागदावर पाहिलेलं.

शाखा तासगावची. पाच माणसांचा स्टाफ: शाखाधिकारी मॅडम, उपशाखाधिकारी साहेब, कॅशियर दादा, दोन क्लार्क. पतसंस्थेत काम केलेल्यांना माहीत आहे की व्हाउचर एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं, सगळा खेळ या दोन हातांवर. कॅशियर किंवा क्लार्क एन्ट्री मारतो ती पेंडिंगला पडते, अधिकारी कागद बघतो, सही बघतो, मग पास करतो आणि तेव्हाच ती खात्यावर बसते. तासगाव शाखेत पासिंगचा अधिकार दोघांकडे होता, मॅडमकडे आणि उपशाखाधिकारी साहेबांकडे.

जूनच्या सुरुवातीला साहेबांची बदली जतला झाली. 7 जूनला संध्याकाळी ते कार्यमुक्त झाले, नारळ-शाल झालं, फोटो ग्रुपवर पडला. त्यांच्या जागी माणूस आलाच नाही. हेड ऑफिसनं सांगितलं बघू, सध्या मॅडमनीच दोन्ही सांभाळायचं. आता मॅडमचं काम काय, तर दुपारनंतर वसुली. द्राक्षवाल्यांची, बेदाण्यावाल्यांची थकबाकी, गाडी काढायची आणि कवठेएकंद, सावळज, मणेराजुरी असं फिरायचं. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला जेव्हा पिग्मीचे एजंट पैसे घेऊन येतात आणि पासिंगला माणूस लागतो, नेमकं तेव्हा शाखेत पास करणारं कुणीच नाही.

रेवती तेव्हा रजेवर होती. जुलैच्या मध्यावर ती कामावर आली आणि तिला ठेवीच्या काउंटरला बसवलं. पहिल्याच आठवड्यात ती ठेवीच्या नूतनीकरणाचं व्हाउचर टाकत होती, सेव्ह करताना कोणाकडे पाठवायचं त्याची यादी उघडते, त्यात मॅडमचं नाव आणि खाली `TSG_PASS2`. हा साहेबांचा आयडी. तिला वाटलं नाव यादीत राहिलं असेल, सॉफ्टवेअरमध्ये असतंच की कुणाकुणाचं. पण त्याच दिवशी फाईल लावताना तिच्या हाताखालून आदल्या दिवशीचं पिग्मीचं व्हाउचर गेलं, खाली छापलेलं होतं `Passed by: TSG_PASS2`. साहेब जतला जाऊन महिना उलटून गेलेला.

इथं तिनं एक गोष्ट केली नाही आणि त्याबद्दल मला तिचं खरंच कौतुक वाटतं. साहेबांचा पासवर्ड शाखेत सगळ्यांना माहीत होता, मार्चएंडच्या गडबडीत साहेबांनीच दिला होता, काम अडू नये म्हणून, आणि तिलाही तो पाठ होता. चालतोय का बघूया म्हणून टाकून बघणं अगदी सोपं होतं. पण टाकला असता तर लॉगिनच्या नोंदीत तिच्या मशीनवरून, तिच्या वेळेला साहेबांच्या आयडीचं लॉगिन उठलं असतं, आणि पुढं जेव्हा कुणीतरी विचारलं असतं की हा आयडी कोणकोण वापरतं तेव्हा पहिलं नाव तिचं निघालं असतं. तिनं आपल्या लॉगिनमधूनच दिसणारी यादी आणि चार-पाच जुनी व्हाउचरं यांचे प्रिंट काढले, प्रिंटवर तारीख-वेळ येते तेवढं बघून घेतलं, आणि मॅडमची वाट बघत बसली.

मॅडम म्हणाल्या, "अगं मला वाटलं हेड ऑफिसनीच चालू ठेवलाय, जागा भरेपर्यंत."

"ठेवलाय तर वापरतंय कोण मॅडम? साहेब तर जतला."

यावर कॅशियर दादा तिथूनच बोलले, काही लपवाछपवी नाही, "मी करतो की. पिग्मी पास नाही झाली तर डे एन्ड होत नाही, डे एन्ड झाला नाही तर सकाळी शाखाच उघडत नाही. मॅडम वसुलीला. मग काय करायचं, सांगा."

माणूस खोटं बोलत नव्हता. डे एन्डचं तसंच आहे, एक जरी एन्ट्री पेंडिंग राहिली तर सिस्टीम दिवस बंद करून देत नाही, आणि दिवस बंद झाला नाही की दुसऱ्या दिवशीची तारीख उघडत नाही. सकाळी दहाला ठेवीदार काउंटरला उभा आणि स्क्रीनवर कालचीच तारीख, ही वेळ ज्याच्यावर आलीय त्याला दादांचा वैताग कळेल. पण पिग्मीची रोख मोजणारे दादा, एन्ट्री मारणारे दादा आणि आता पास करणारेही दादाच. कागदावर दोन नावं, खुर्चीत माणूस एक. जागा रिकामी होती पण आयडी भरलेला होता, सगळं प्रकरण एवढंच म्हटलं तरी चालेल, पण त्यातून पुढं काय काय निघालं ते बघण्यासारखं आहे.

मॅडमचं पहिलं म्हणणं होतं की आपल्यातच मिटवू, पासवर्ड बदलून टाकू आणि विषय बंद. रेवतीनं ऐकलं नाही. तिनं मॅडमच्याच नावे अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं: अमुक आयडी बदलीनंतरही चालू दिसतोय, त्यावरून पासिंग होतंय, सोबत प्रिंट जोडलेत, पुढील आदेश व्हावेत. कुणावर आरोप नाही, कॅशियरचं नाव पण नाही. पोच घेतली. अशी पोच हातात आली की वरिष्ठाला ते पत्र दाबून ठेवता येत नाही, मग मॅडमनी ते स्वतःच्या शेऱ्यासह त्याच दिवशी सांगलीला हेड ऑफिसला पाठवलं. तारीख 19 जुलै.

दोन दिवसांनी सीईओ साहेबांचा मला फोन. मी सगळ्यात आधी विचारलं की आयडी बंद केला का. म्हणाले हो, डिलीटच करायला सांगितलाय. म्हटलं थांबवा. तोपर्यंत कॉम्प्युटर विभागातल्या पोरानं केला नव्हता, जेवायला गेला होता म्हणून वाचलो.

डिलीट का नको ते सांगतो, कारण ही गडबड बऱ्याच ठिकाणी होते. या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या व्हाउचरवर पास करणाऱ्याचं नाव वेगळं साठवलेलं नसतं, ते युजरच्या यादीतून उचललं जातं. आयडीच उडवला की त्या माणसानं पाच-सात वर्षांत पास केलेल्या हजारो व्हाउचरांच्या खाली मोकळी जागा छापून येते. म्हणजे साहेबांनी खरोखर केलेलं कामही बेवारस. त्यामुळे आयडी ठेवायचा पण त्याची अवस्था `Inactive` करायची, म्हणजे लॉगिन होत नाही आणि जुनं नाव जिथल्या तिथं राहतं.

आणि त्याच्याही आधी लॉगिनची नोंद काढून घ्यायची. कोणत्या आयडीनं किती वाजता, कोणत्या मशीनवरून प्रवेश केला याचा लॉग सॉफ्टवेअरवाल्यांकडे असतो, पण तो कायमचा नसतो, इथं कंपनी 90 दिवसांनी जुना पुसत होती. आम्ही मागितला तेव्हा 7 जूनपासूनचा सगळा हाताशी होता, सप्टेंबर संपत आला असता तर निम्मा गेला असता. तो एक्सेलमध्ये आला, प्रिंट काढून प्रत्येक पानावर सीईओंची सही घेतली, मग आयडी बंद.

आता बसलो हिशेब लावत. 8 जून ते 18 जुलै, `TSG_PASS2` वरून पास झालेली व्हाउचरं 41. सगळ्या लॉगिनांना मशीन एकच, `TSG-PC3`, म्हणजे कॅश काउंटर. जत शाखेचं हजेरीपत्रक मागवलं, तिथं साहेबांची सकाळ-संध्याकाळ सही, शिवाय त्याच वेळेला जतच्या त्यांच्या नव्या आयडीवरूनही पासिंग चाललेलं. तासगाव ते जत एसटीनं दोन-अडीच तास, माणूस पाच चाळीसला दोन्हीकडे असू शकत नाही. साहेबांचा यात हात नाही हे इथंच सिद्ध झालं.

दोन आयडी कसे झाले? बदलीचा आदेश निघाला की त्याची प्रत जातं ठिकाण, येतं ठिकाण, आस्थापना आणि हिशेब विभागाला. कॉम्प्युटर विभागाचं नाव त्या यादीत कधी घातलंच नव्हतं, कारण आदेशाचा मसुदा सगळं काम वह्यांवर चालायचं तेव्हाचा. जतला साहेब रुजू झाले, तिथून फोन गेला की साहेबांना आयडी द्या, पोरानं नवा काढून दिला. त्याला कुणी जुना बंद कर म्हणालं नाही आणि सॉफ्टवेअरनं पण विचारलं नाही, कारण त्याच्या दृष्टीनं शाखा बदलली की माणूसच वेगळा. अधिकार देण्यासाठी फोन येतो कारण त्याशिवाय काम अडतं. काढण्यासाठी फोन करायला कुणाचं काय अडलेलं असतं?

41 मधली 33 पिग्मीची होती. 7 ठेवतारण कर्जाच्या नूतनीकरणाची. आणि एक मुदतपूर्व ठेव बंद करून रोख दिल्याचं, 18,500 रुपयांचं.

मी त्या एकापासून सुरुवात केली. कारण सांगतो. 1961 च्या आयकर कायद्याच्या 269टी कलमानं पतसंस्थेला 20,000 किंवा त्याहून जास्त ठेव रोखीनं परत करता येत नाही, खात्यावर किंवा चेकनं द्यावी लागते, आणि चेक म्हटला की दुसरी सही आली, बँक आली, माग राहिला. त्यामुळे ज्याला पैसा काढायचाच आहे तो वीस हजाराच्या जरा खालची रक्कम बघतो. 18,500, रोख, मुदतीआधी, पास करणारा जागेवर नाही, पैसे देणारा आणि पास करणारा एकच. तपासणाऱ्याच्या पोटात गोळा यायला एवढं पुरे. आणि अपहार निघाला असता तर पुढचं सगळंच बदललं असतं. सहकार कायद्याच्या कलम 81 खाली लेखापरीक्षकाला निबंधकाकडे विशेष अहवाल द्यावा लागतो आणि तिथून गुन्ह्यापर्यंत जातं, वर कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करायची चौकशी, आणि त्या चौकशीत पहिल्यांदा जे नाव वाचलं जातं ते व्हाउचरवर छापलेलं असतं.

ठेवपावती बघितली. मूळ पावती परत घेतलेली, मागच्या बाजूला पैसे मिळाल्याचा अंगठा, अंगठ्याला साक्षीदाराची सही. साक्षीदार कोण तर शाखेचाच पिग्मी एजंट. कागद पुरा होता पण साक्षीदार घरचा, म्हणून मी आणि रेवती गाडी काढून त्या गावाला गेलो. बाई सत्तरीच्या पुढच्या. आम्ही थेट पैसे मिळाले का असं विचारलं नाही, कारण संस्थेचा माणूस दारात येऊन असं विचारतो तेव्हा म्हातारं माणूस घाबरून हो म्हणतं किंवा घाबरून नाही म्हणतं. ठेव का मोडली एवढंच विचारलं. म्हणाल्या, "नातवाच्या कालेजाची फी हुती की बाबा, अठरा हजार पाश्शे दिलं, पोरगं मोजून घिऊन गेलं." नातवाच्या कॉलेजची पावती दोन दिवसांनंतरच्या तारखेची, रक्कम जवळपास तीच. व्यवहार खरा होता.

पण खरा निघाला हे आपल्याला गावात जाऊन कळलं, व्हाउचर बघून कळलं नाही. पासिंगला खरोखर दुसरा माणूस असता तर त्यानं बाईंना काउंटरवरच बघितलं असतं, दोन शब्द विचारले असते आणि आमची फेरी वाचली असती.

ठेवतारणाच्या सातांमध्ये काही नव्हतं, व्याज भरून घेतलेलं, मुदत वाढवलेली, ठेवींवर बोजा कायम. तेवढ्यावर सोडलं.

पिग्मीत मात्र निघालं. पिग्मीचं असं असतं की एजंटच्या हातातल्या मशीनमध्ये दिवसभराची वसुली नोंदते, संध्याकाळी ते मशीन जोडलं की यादी शाखेच्या कॉम्प्युटरवर येते, तेवढी रोख एजंट कॅशियरकडे भरतो, मग सगळी खाती एकदम जमा होऊन ते एक व्हाउचर पासिंगला जातं. पास करणाऱ्यानं तीन आकडे एकमेकांशी लावायचे: मशीनची बेरीज, व्हाउचरची बेरीज आणि कॅशियरनं रोख मिळाल्याची दिलेली पावती. पहिले दोन जुळतातच, ते एकाच यादीतून येतात. चूक असली तर तिसऱ्यात असते.

33 दिवसांचे तिन्ही आकडे समोरासमोर मांडले. 31 दिवस रुपयासकट बरोबर. दोन दिवशी आकडा बरोबर पण तारीख चुकीची: एजंटला दिलेल्या रोख पावतीवर दुसऱ्या दिवशीची तारीख, आणि व्हाउचर मात्र आदल्या संध्याकाळी पास. एकदा 6,450, एकदा 7,120. एजंटला बोलावलं तर त्यानं लगेच सांगितलं, पाऊस लागला, गाडी बंद पडली, दुसऱ्याच्या हाती मशीन पाठवून दिलं आणि रोख सकाळी आणून दिली. कॅशियर दादांनी डे एन्ड अडायला नको म्हणून पैसे आल्यासारखं दाखवून पास केलं.

आता याच्यात कुणाचा रुपया गेला का, नाही गेला. पण त्या दोन रात्री शाखेच्या कॅशबुकात जे पैसे होते ते तिजोरीत नव्हते. आणि मग मला आठवलं की रोज संध्याकाळी नाणेवार तपशील लिहितात, पाचशेच्या इतक्या, दोनशेच्या इतक्या, शंभरच्या इतक्या, खाली कॅशियर आणि शाखाधिकारी दोघांच्या सह्या. ते दोन दिवस काढले. नाणेवारी कॅशबुकाशी चोख जुळत होती. जे पैसे शाखेत आलेलेच नाहीत त्यांच्या नोटा मोजून लिहिलेल्या! म्हणजे नाणेवारी मोजून लिहिली नव्हती, कॅशबुकात बघून पाडली होती, आणि मॅडमनी वसुलीवरून आल्यावर न मोजता सही केली होती. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात गंभीर कागद हा. आयडीचा घोळ हेड ऑफिसचा म्हणता येतो, ही सही मॅडमची स्वतःची.

दोन दिवसांचे सहा-सात हजार म्हणून कुणी हसेल. पण एजंटची रोख एक दिवस उशिरा चालते हे एकदा कळलं की ती दोन दिवस चालते, मग आजच्या वसुलीतून कालचं भरायचं, ह्याची टोपी त्याला, आणि बऱ्याच पिग्मी घोटाळ्यांची सुरुवात अशाच एका पावसाळी संध्याकाळी होते. इथं ती दोनवर थांबली होती. ती थांबली हे आम्हाला कसं कळलं तर प्रत्येक रोख पावतीची तारीख बघून, एकूण बेरीज बघून कधीच कळलं नसतं, महिन्याची बेरीज अगदी बरोबर होती.

यानंतर जे झालं त्याची मला खरं तर अपेक्षा होतीच. हेड ऑफिसमधल्या एका वरिष्ठांनी सुचवलं की व्यवहार सगळे खरे आहेत ना, मग जतच्या साहेबांना एक दिवस बोलावू, 41 व्हाउचरांवर त्यांच्या सह्या घेऊ, आयडी त्यांचा आणि सही पण त्यांची, वैधानिक लेखापरीक्षण उरकायचंय, फाईल स्वच्छ होईल. साहेबांना फोन पण गेला.

साहेब भला माणूस, तयार झाले होते. "पासवर्ड मीच दिलेला हो, माझी पण चूक आहे, करतो की सही." रेवतीला हे कळलं तसा तिनं त्यांना फोन केला. तिनं मला नंतर सांगितलं ते असं, ती म्हणाली, "साहेब, तुम्ही पासवर्ड दिलाय तेवढं लिहून द्या. पण 26 जूनला संध्याकाळी तुम्ही जतच्या मस्टरवर आहात आणि त्याच वेळेचं तासगावचं व्हाउचर मी बघितलं म्हणून सही करणार, तर दोन्हीतलं एक खोटं ठरणार. कोणतं ठरवायचं ते तुम्ही नाही ठरवणार, उद्या जो चौकशीला येईल तो ठरवणार." साहेब गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी सह्या करणार नाही म्हणून कळवलं.

बरोबरच होतं तिचं. चुकलेली पासिंग दुरुस्त करायची असते ती लपवून नाही. आम्ही असं केलं: 41 व्हाउचरांची यादी केली, प्रत्येकासमोर काय तपासलं ते लिहिलं, आणि ती यादी मॅडमनी आजच्या तारखेनं सही केली, मूळ पासिंगच्या वेळी अधिकृत अधिकारी हजर नव्हते, व्यवहार मागाहून तपासले असं स्पष्ट लिहून. जुन्या व्हाउचरांवर कुणीही काहीही खरडलं नाही. साहेबांनी वेगळं निवेदन दिलं, मार्चमध्ये पासवर्ड दिला होता आणि 7 जूननंतर आपण तो आयडी वापरला नाही. कॅशियर दादांचा खुलासा घेतला, त्यांनी सगळं मान्य केलं, दोन पिग्मीच्या तारखांसकट. संचालक मंडळाच्या सभेपुढं यादी, लॉगचा प्रिंट आणि दोन्ही निवेदनं ठेवली आणि ठरावानं नोंद घेतली.

वैधानिक लेखापरीक्षकांनी अहवालात शेरा मारला, मारायलाच पाहिजे होता. पण सोबत आपणच तपासलेलं असल्यामुळे तो शेरा अंतर्गत नियंत्रणातल्या त्रुटीचा आला, अपहाराचा संशय म्हणून नाही आला. कलम 82 च्या दोष दुरुस्ती अहवालात काय लिहायचं तेही तयार होतं. कॅशियर दादांना लेखी ताकीद आणि काउंटर बदल. मॅडमनाही ताकीद, नाणेवारीच्या सहीबद्दल. दादांच्या शिक्षेवर मंडळात वाद झाला, एक संचालक म्हणत होते की माणसानं शाखा चालू ठेवली आणि तुम्ही त्यालाच ताकीद देता. मला ते अर्धं पटतं. त्या माणसाला सव्वा महिना बिनअधिकाऱ्याचं ठेवलं कुणी, हा प्रश्न ठरावात कुठंच आला नाही.

बदल काय झाले तेही सांगतो, फार नाहीत. बदलीच्या आदेशात कॉम्प्युटर विभागाला प्रत ही ओळ आली, आणि कार्यमुक्ती अहवालात आयडी किती वाजता बंद केला त्याचा रकाना, तो भरल्याशिवाय कार्यमुक्तीचा कागद पुढं जात नाही. रजेच्या काळात पासिंग द्यायचं असेल तर दुसऱ्याचा आयडी वापरायचा नाही, हेड ऑफिस त्या माणसाला स्वतःच्याच आयडीवर तात्पुरता अधिकार देतं. या सॉफ्टवेअरमध्ये अधिकाराला शेवटची तारीख घालायची सोय नाही, त्यामुळे तो आपोआप संपत नाही, म्हणून एक रजिस्टर ठेवलंय आणि रोज सकाळी आदल्या दिवशीचे तात्पुरते अधिकार हातानं काढायचे. हा कच्चा दुवा आहे हे मान्य, पण नवीन सॉफ्टवेअर घेईपर्यंत एवढंच. तासगावला संध्याकाळच्या पासिंगसाठी शेजारच्या शाखेचा अधिकारी स्वतःच्या आयडीवर पास करतो, आणि तोही रोख पावतीचा फोटो आल्याशिवाय नाही. एजंट उशिरा आला तर पिग्मी त्या दिवशी घ्यायचीच नाही, मशीनची यादी दुसऱ्या दिवशीच्या तारखेला चढवायची, डे एन्ड अडत नाही. हे आधीपासून करता येत होतं, कुणाला माहीत नव्हतं एवढंच.

मग सगळ्या शाखांची युजर यादी मागवली आणि पगारपत्रकाशी लावली, प्रत्येक चालू आयडीसमोर त्याच शाखेत पगार घेणारा माणूस सापडला पाहिजे. पासिंगचे आणखी दोन आयडी असे निघाले की माणूस दुसऱ्या शाखेत, आणि एक असा की माणूस निवृत्त होऊन गेलेला. तिन्ही बंद केले, लॉग बघितला, वापर नव्हता.

चौथ्यासमोर मात्र कुणाचंच नाव लागेना. शाखा सगळ्या, अधिकार सगळे, मर्यादा नाही. तो सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टचा निघाला, बसवताना दिला होता आणि तसाच राहिला होता. कंपनी म्हणते डे एन्ड अडकला की रात्री तोच लागतो, बंद केला तर आमची जबाबदारी नाही. सध्या असं ठरलंय की तो बंदच ठेवायचा, अडचण आली की कंपनीनं फोन करायचा, सीईओंच्या परवानगीनं तो तेवढ्यापुरता उघडायचा, काम झालं की बंद करून त्या वेळेतल्या सगळ्या एन्ट्रींचा प्रिंट सकाळी टेबलावर यायचा. पासिंगचा अधिकार त्यातून पूर्ण काढा असं मी लिहून दिलंय, कंपनीचं उत्तर अजून यायचंय. तो प्रिंट बघायचं काम सीईओंनी तासगावहून सांगलीला आणलेल्या रेवतीकडे दिलंय.